बाजूला घेऊन नाही, मीटिंगमध्येच

आमचे सर लग्नात जायचे ते पत्रिका घेऊन. म्हणजे आलेली पत्रिका खिशात घालून हॉलवर जायचे आणि नवऱ्या मुलाच्या बापाला गाठून विचारायचे, "हे कुठे छापलंत? लाल रंग सरकलाय बघा, गणपतीच्या सोंडेपाशी." आणि खिशातलं भिंग काढून त्या बिचाऱ्याच्या डोळ्याला लावायचे. माणूस एका हातात अक्षता, दुसऱ्या हातात पाहुण्यांची यादी अशा अवस्थेत सोंड बघायचा आणि म्हणायचा, "हो हो, सरकलाय खरा." मग सर शांतपणे जेवायला बसायचे. आम्ही ऑफिसची माणसं लांबच्या टेबलावर तोंड लपवून बसायचो.

डोंबिवलीला मानपाड्याच्या बाजूला आमची फॅक्टरी. औषधाच्या गोळ्या ज्या छोट्या कार्टनमधून येतात, ती कार्टन आम्ही छापतो, कापतो, चिकटवतो. सर क्वालिटीचे प्रमुख होते आणि मी त्यांच्या हाताखाली, सॉर्टिंग टेबलाची सुपरवायझर. सॉर्टिंग टेबल म्हणजे जिथे आठ माणसं बसून प्रत्येक कार्टन डोळ्याखालून घालतात आणि खराब निघेल ते बाजूला काढतात. मी तिथे अकरा वर्षं आहे. त्यातली नऊ सरांबरोबर गेली.

सर राहायचे ठाण्याला, नौपाड्यात. तिथून रोज डोंबिवलीला यायचे, आणि एकदा लेट झाले असतील तर शपथ. हातात कापडी पिशवी, पिशवीत भिंग, एक गजराचं घड्याळ आणि आवळा सुपारीची डबी. मोबाइल होता, पण तो पिशवीच्या तळाशी. वाजला की सर पिशवीकडे असे बघायचे की आत कुणीतरी परकं माणूस शिरलंय.

सगळ्यांना अहोजाहो. गेटवरच्या वॉचमनला अहो, काल लागलेल्या मुलीला अहो, मशीन बिघडलं तर मशीनलासुद्धा "अहो, काय झालं तुम्हाला?" म्हणताना मी ऐकलेलं आहे. किराणा दुकानात गेले तर बिस्किटाचा पुडा घ्यायच्या आधी उलटा करून त्याची चिकटपट्टी नखाने उचकटून बघणार. नौपाड्यातल्या दोन दुकानदारांनी त्यांना बघितलं की पुडे आत घ्यायला सुरुवात केलेली, असं काकू सांगायच्या. काकू म्हणजे सरांच्या मिसेस. मुलीच्या साखरपुड्यात सरांनी पेढ्यांचे बॉक्स परत पाठवले होते, झाकण नीट बसत नाही म्हणून. पाहुणे आले, आणि पेढे ताटात.

आमची रोजची मीटिंग नऊ वाजून पाच मिनिटांनी, सॉर्टिंग टेबलाभोवती, उभ्याने. सर गजर लावायचे बारा मिनिटांचा. गजर झाला की बोलणारा वाक्य अर्धं टाकून गप्प. टेबलाशेजारी एक फळा, त्यावर रोज चिठ्ठ्या टाचायच्या. रद्द कार्टनच्या मागच्या पांढऱ्या बाजूला लिहायचं, काल मला कुठली चूक सापडली. स्वतःची असली तर अधिक चांगलं. स्वतःची चूक स्वतः आणणाऱ्याला सर डबी उघडून आवळा सुपारी द्यायचे, पंच्याऐंशी लोकांच्या फॅक्टरीत मानाचा तुरा दिल्याच्या थाटात. सुरुवातीला मला हे सगळं बालवाडीसारखं वाटायचं. नंतर कळलं की आमच्या धंद्यात चूक होणं हा प्रश्नच नसतो, ती लपणं हा असतो. अडीचशे मिलिग्रॅमच्या गोळीच्या ढिगात पाचशेचं एक कार्टन मिसळलं आणि कुणी बोललं नाही, तर ते शेवटी एखाद्या म्हाताऱ्या माणसाच्या हातात जाऊन पडतं. फळ्यावर रोज पाचसात चिठ्ठ्या असायच्या. सर त्या मोजायचे, आणि कमी झाल्या की काळजीत पडायचे.

आणि बोलायची एक पद्धत. कुणी "सर, ते काय झालं, लाइट गेले होते आणि त्यात..." असं सुरू केलं की हात वर. "कारण नंतर. आधी क्रम." आधी काय झालं, मग काय झालं, मग काय झालं. पार्टीची, म्हणजे आमच्याकडून कार्टन घेणाऱ्या औषध कंपनीची, तक्रार आली की तिचं उत्तर ते स्वतः लिहायचे, आणि ते कधीच सहा ओळींच्या वर जायचं नाही. काय चुकलं. कुणाला त्याचा त्रास झाला. आता आम्ही काय केलं. पुढे काय करणार. "फार", "अत्यंत", "मनापासून" हे शब्द ते पेन्सिलने खोडायचे. एकदा मालकांनी स्वतः लिहिलेलं पत्र त्यांनी खोडून दिलं. मालक रागावले नाहीत, कारण पार्टी टिकली होती.

आता माझं सांगते. माझी जीभ. माझी आई म्हणायची, हिला देवाने जीभ देताना ब्रेक द्यायचा राहिला. घरी, बाहेर, रिक्षावाल्याशी, सगळीकडे मी फाडकन बोलणार आणि मग रात्रभर कूस बदलत राहणार. कामात मला त्याचा फायदाच होतो असं मी धरून चालले होते. लोक वचकून असतात, काम होतं.

सुप्रिया टेबलावरची सगळ्यात चांगली पोरगी. चोवीस वर्षांची, नजर अशी की मला जे भिंगाने दिसायचं ते तिला नुसतं दिसायचं. राहायला दिव्याला, इथून दोन स्टेशनांवर. वडील आजारी, भाऊ शिकतोय, घर हिच्या पगारावर. आठवड्याभरात ती तिसऱ्यांदा उशिरा आली. सोमवार होता, मीटिंग चालू झालेली, टेम्पो गेटवर उभा, पार्टीचे दोन फोन येऊन गेलेले. ती धापा टाकत आली, उभी राहिली आणि म्हणाली, "सॉरी मॅडम, पाणी..."

मी तिला पुढे बोलूच दिलं नाही. दिव्याची माणसं घेतली की हेच होणार, असं म्हणाले. घरी शिस्त नाही, ती इथे कुठून येणार, असंही म्हणाले. आवाज चढलेला होता. आणि त्याहून वाईट म्हणजे मला बोलताना बरं वाटत होतं.

गजर व्हायला अजून चार मिनिटं होती. सर बुधवारपर्यंत बाहेरगावच्या पार्टीकडे गेलेले, मीटिंग मी घेत होते. चार मिनिटं आम्ही नुसते उभे होतो. मग कांताताई, टेबलावरच्या सगळ्यात मोठ्या, त्या हळूच म्हणाल्या, "चला, बसूया कामाला."

माझ्या आठांपैकी पाच जण दिव्याचे होते. कांताताईसुद्धा. मला हे माहीत नव्हतं असं नाही, सगळ्यांचे पत्ते माझ्याच फायलीत. बोलताना डोक्यात आलं नाही, एवढंच. आणि मी कोण मोठी राजवाड्यात वाढलेली? डोंबिवलीला आमच्या चाळीत नळाला पाणी यायचं तेव्हा आईने मला शाळेतून घरी ठेवलेलं आहे, हंडे भरायला.

मंगळवारी सुप्रियाने पत्र दिलं. एका ओळीचं. एक महिन्याने काम सोडते आहे. कारण लिहिलेलं नव्हतं. मी म्हटलं, "अगं, असं काय करतेस?" ती म्हणाली, "महिना आहे मॅडम, तोपर्यंत येणार मी वेळेवर." आणि जाऊन बसली. दुसरी नोकरी तिच्या हातात नव्हती, हे मला कांताताईंकडून कळलेलं.

मग मी माझ्या परीने सारवासारव सुरू केली. मंगळवारी संध्याकाळी ग्रुपवर मेसेज टाकला, कालच्या मीटिंगमध्ये कुणाला काही वाईट वाटलं असेल तर सॉरी, आणि खाली हात जोडल्याचं चित्र. आठ जणांनी वाचला. एकाने अंगठा दिला, तोही बहुतेक चुकून. बुधवारी मी सगळ्यांसाठी वडापाव आणले. सगळ्यांनी थँक्यू मॅडम म्हटलं आणि नंतर खाऊ म्हणून बाजूला ठेवले. जेवणाच्या सुट्टीनंतर पिशवी होती तशीच होती. मला रागच आला. म्हटलं, आता काय पाया पडू?

गुरुवारी सकाळी मीटिंगला सर आले. फळ्यासमोर उभे राहिले. फळ्यावर एकही चिठ्ठी नव्हती. मंगळवारपासून नव्हती. सरांनी गजर लावला, एकेकाला विचारलं, "तुमचं काय?" "काही नाही सर." "तुमचं?" "काही नाही." आठ वेळा काही नाही. मीटिंग तीन मिनिटांत संपली. सरांनी गजर हाताने बंद केला, तो त्यांनी कधी बंद केलेला मी बघितला नव्हता.

मला केबिनमध्ये बोलावलं. म्हणाले, "तीन दिवसांत कुणाची एकही चूक झाली नाही?"

"नसेल झाली, सर."

"अहो, चूक होते. सांगायचं बंद झालंय. काय झालं? क्रम सांगा."

मी सुरू केलं, टेम्पो उभा होता, पार्टीचे फोन... हात वर. मग मी क्रमच सांगितला. काय बोलले ते शब्दांसह सांगितलं. ते वाक्य एसीच्या केबिनमध्ये, थंड डोक्याने म्हणून बघा, मग कळतं. मेसेजचं सांगितलं, वडापावचं सांगितलं, पत्र पुढे ठेवलं.

सरांनी पत्र वाचलं, भिंगाशिवाय. मग म्हणाले, "पार्टीला चुकीचं कार्टन गेलं तर आपण काय म्हणतो, काही चुकीचं गेलं असेल तर सॉरी?"

"नाही सर."

"मग माणसांना का?" आणि वर, "वड्यांचं तर अगदीच. ते खाल्ले असते तर तुमचं मिटलं असतं, त्यांचं नाही. त्यांना ते कळलं, म्हणून नाही खाल्ले."

मी म्हटलं, आज सुप्रियाला एकटीला बोलावून माफी मागते. सर म्हणाले, "अपमान कुठे केलात?" मीटिंगमध्ये. "मग तो तिथेच आहे अजून. केबिनमध्ये कसा उचलणार?" पण लगेच म्हणाले, "तिला आधी विचारायला मात्र बोलवा. नाव घेतलेलं चालेल का, एवढंच. तिचा पुन्हा तमाशा व्हायला नको. आणि तुम्ही लिहून काढा. संध्याकाळी घरी या, बघतो."

मी सुप्रियाला जिन्यात गाठलं. म्हटलं, उद्या मीटिंगमध्ये मी माफी मागणार आहे, तुझं नाव घेऊ का? तिने माझ्याकडे बघितलं पण नाही. "नाव नको मॅडम. मला एकटीला कुठे बोललात तुम्ही? सगळ्यांना बोललात." बरोबर होतं तिचं.

नौपाड्यातलं सरांचं घर म्हणजे दोन खोल्या आणि भिंतभर जुनी कार्टन. काकूंनी सरबत दिलं. मी कागद पुढे केला. दोन पानं भरली होती, खरं सांगते, लिहिताना मला रडू आलं होतं आणि मला ते फार छान जमलंय असं वाटत होतं. सरांनी पेन्सिल काढली.

पहिला परिच्छेद टेम्पोचा. "हे कारण." गेला. दुसरा, माझा स्वभावच तापट आहे, पण मनात काही नसतं. "तुमच्या मनात काय असतं, त्याचा त्यांना काय उपयोग? आणि स्वभाव म्हटलात म्हणजे पुन्हा करणार असं सांगितलंत." गेला. तिसऱ्यात मी लिहिलं होतं, उशीर होणं चुकीचंच आहे, पण मी तसं बोलायला नको होतं. सरांनी "पण" या शब्दाभोवती गोल काढला. "हे काय आहे माहितेय? माफीच्या पोटातली फटकार. उशिराचं वेगळं बोला, वेगळ्या दिवशी." गेला. चौथ्यात मी चाळीतल्या हंड्यांचं लिहिलं होतं, मी पण तुमच्यातलीच. मला तो सगळ्यात आवडला होता. सर थांबले. "हे चांगलं आहे. पण यात तुम्ही आहात, त्या नाहीत." गेला. पाचव्यात, मला झोप नाही तीन दिवस, कृपा करून मला माफ करा. "म्हणजे आता त्यांनीच तुमची समजूत काढायची?" गेला.

मी चिडले. म्हटलं, "सर, मग उरलं काय?"

"उरलंय की," म्हणाले. शेवटच्या पानावर दोन ओळी उरल्या होत्या.

मी म्हटलं, जे बोलले ते शब्द परत म्हणायचे का, म्हणजे कळेल कशाबद्दल. सर विचारात पडले. "पार्टीच्या पत्रात आपण नंबर लिहितो, खराब कार्टन जोडत नाही. कशाबद्दल आहे हे नेमकं कळेल एवढं बोला. शब्द नको, परत लागतील." मग म्हणाले, "पुढे काय करणार, तेही एक वाक्य. पण तुमच्या हातातलं. रागावणार नाही म्हणू नका, जमणार नाही."

काकू आतून म्हणाल्या, "यांनी माझी पस्तीस वर्षांत दोनदाच माफी मागितली. पण दोन्ही वेळा नीट मागितली." सर एकदम लाजले आणि पेन्सिलीला टोक काढायला लागले. मी त्यांना लाजताना तेवढं एकदाच पाहिलं.

निघताना दारात मी विचारलं, "म्हणजे मग ती पत्र मागे घेईल ना, सर?"

सर माझ्यावर कधी चिडले नव्हते, तेव्हा चिडले. "अहो, तुम्ही माफी मागताय की तिला थांबवायला काहीतरी देताय? ती गेली तरी माफी तीच राहणार. मागून झाली की उत्तर मागायचं नाही. तिला विचारायचं नाही, दुसऱ्याकडून विचारवायचं नाही, तिच्या तोंडाकडे बघत राहायचं नाही. जमणार असेल तर उद्या बोला, नाहीतर नको."

शुक्रवारी नऊ वाजून पाच मिनिटांनी सरांनी गजर लावला आणि म्हणाले, "मॅडमना बोलायचंय." मी कागद घरी ठेवून आले होते, वाचून दाखवायचं नाही असं मीच ठरवलेलं. मी म्हटलं:

"सोमवारी या मीटिंगमध्ये मी दिव्याला राहणाऱ्या माणसांबद्दल आणि त्यांच्या घरांबद्दल बोलले. ते खोटं होतं आणि अपमान करणारं होतं. चूक माझी आहे. मी तुम्हा सगळ्यांची माफी मागते. कुणाला उशिराबद्दल सांगायचं असेल तर यापुढे मी बाजूला घेऊन सांगेन, आधी ऐकून घेईन, आणि कुणाच्या घरावर जाणार नाही."

संपलं. अर्धं मिनिटसुद्धा झालं नसेल. मला आणखी बोलावंसं वाटत होतं, इतकं की दात आवळून धरावे लागले. ती शांतता भरून काढावी असं वाटत होतं. सर फळ्याकडे बघत उभे. कांताताई पदराशी चाळा करत होत्या. कुणी "जाऊ द्या मॅडम" म्हणालं नाही. सर म्हणाले, "बरं. आजचं काम. तुमचं काय?" आणि पहिल्या माणसापासून सुरू केलं.

पहिला म्हणाला, काही नाही. दुसरा म्हणाला, काही नाही. तिसरी सुप्रिया.

ती म्हणाली, "माझं आहे."

मग माझ्याकडे न बघता सरांना म्हणाली, "बुधवारी पाचशेच्या ढिगात मला अडीचशेचं एक कार्टन मिळालं. मी ते रद्दीत टाकलं. फळ्यावर लावलं नाही. कुणाला सांगितलं नाही."

ज्यांना आमचा धंदा माहीत नाही त्यांना सांगते, यापेक्षा मोठं पाप आमच्याकडे नाही. एक मिसळलंय म्हणजे आणखी असणार. आणि तो सगळा माल गुरुवारी पॅक होऊन आत्ता गेटवर टेम्पोत भरलेला होता, अकराला निघणार होता. आधी मशीनवर अडीचशेचं काम झालेलं, मग पाचशेचं लागलेलं. दोन कामांच्या मध्ये मशीन रिकामं करून, वरून खालून बघून, माझ्यासारख्या सुपरवायझरने सही करायची असते. तिथेच कुठेतरी राहिलं होतं.

माझ्या तोंडाशी आलं होतं. अक्कल आहे का, हे शब्द जिभेवर होते, चव लागत होती त्यांची. सगळे माझ्याकडे बघत होते. माफी मागून दोन मिनिटं झाली नव्हती आणि माझी परीक्षा समोर. मी म्हटलं, "किती वाजता सापडलं? कुठल्या ट्रेमध्ये?"

"साडेतीनच्या चहाआधी. चार नंबरच्या ट्रेमध्ये."

"रद्दीतलं ते कार्टन सापडेल?"

"मी ठेवलंय," ती म्हणाली. पिशवीतून तिने ते काढलं. रद्दीत राहू देववलं नव्हतं तिच्याने, परत उचललं होतं. दोन दिवस घरी नेत होती, परत आणत होती.

सर म्हणाले, "टेम्पो उतरवा." डबी काढली आणि तिच्यासमोर धरली. तिने आवळा सुपारी घेतली आणि ती तोंडात टाकून रडली. मग कांताताईंनी तिच्या पाठीवर हात ठेवला, आणि मी तिथून हलले, कारण सरांनी सांगितलं होतं, तोंडाकडे बघत राहायचं नाही.

छप्पन्न खोकी उतरवली. शनिवारी दुपारपर्यंत आम्ही सगळे, मीसुद्धा टेबलावर बसून, कार्टनच्या थप्प्या कडेवर उभ्या करत होतो. कडेवर रंगाची एक रेघ छापलेली असते, सगळी एकसारखी असली की ती रेघ सरळ दिसते, एखादं वेगळं असलं की तिथे तुटते. तीन ठिकाणी तुटली. आणखी तीन कार्टन. सरांनी पार्टीला फोन करून सांगितलं, माल एक दिवस उशिरा येईल, आमच्याकडे मिसळ झाली होती, आम्ही ती काढली. पार्टी ओरडली. सर म्हणाले, "बरोबर आहे तुमचं," आणि फोन ठेवला.

फळ्यावर पुढच्या आठवड्यात दोन चिठ्ठ्या आल्या. मग तीन. हळूहळूच. एका भाषणाने काही सगळं जागेवर येत नाही. कांताताई माझ्याशी पूर्वीसारखं बोलायला लागल्या, एकजण महिनाभर कामापुरतंच बोलला, आणि मला ते मान्य होतं. वेळेचं मी एकेकाला बाजूला घेऊन विचारलं. दिव्याला पाणी कधी सकाळी आठला येतं, कधी येतच नाही. आल्यावर भरल्याशिवाय निघता येत नाही. मी मालकांशी बोलून पाच जणांची यायची वेळ साडेआठची नऊ केली, संध्याकाळी अर्धा तास जास्त. हे मी सहा महिने आधी पण करू शकले असते. सुप्रियाने तेव्हा विचारलंही होतं, आणि मी ऐकून न घेता नाही म्हटलं होतं.

सुप्रियाचं पत्र मात्र माझ्या ड्रॉवरमध्येच. सरांनी मालकांना कळवलं होतं, महिना भरला की ती जाणार. ती रोज येत होती, काम चोख, माझ्याशी नीट बोलत होती, हसत नव्हती. माझी जीभ रोज वळवळायची, काय गं, काय ठरवलंस? एकदा मी कांताताईंकडे विषय काढायला गेले आणि सर मागून जात होते. नुसते खाकरले. मी कांताताईंना जेवणाच्या डब्यात काय आहे ते विचारलं.

सर आता रिटायर झालेत. काकूंबरोबर गावाला गेलेत, कोकणात. फोन केला की दोन मिनिटांत ठेवतात. मागच्या वेळी सांगत होते, गावातल्या आंब्याच्या पेट्या भयंकर आहेत, खिळे वर येतात, बागायतदाराला भिंग दाखवलं. मी नऊ वाजून पाच मिनिटांची मीटिंग घेते. गजराचं घड्याळ त्यांनी जाताना मला दिलं नाही, म्हणाले, तुमचं तुम्ही आणा. मला त्यांची इतकी आठवण येते की कधी कधी फळ्यासमोर उभी राहून मी एकटीच अहो म्हणते मशीनला. जीभ अजून तशीच आहे. फक्त आता, निसटली की दुसऱ्या दिवशी सकाळी मला काय करायचं ते माहीत असतं.

पण मला सांगायचं आहे ते तिसाव्या दिवसाचं. तो सुप्रियाचा शेवटचा दिवस. मी आदल्या रात्री मनाची तयारी केली होती, हार नको, भाषण नको, नीट निरोप द्यायचा. नऊ वाजून पाच. सगळे उभे. सरांनी विचारत विचारत तिच्यापर्यंत आणलं.

"माझ्या दोन आहेत," ती म्हणाली. तिने फळ्यावर चिठ्ठी टाचली आणि वळून सरळ माझ्याकडे बघितलं. महिन्याभरात पहिल्यांदा. "एक, काल संध्याकाळी पेस्टिंग मशीन रिकामं केलं तेव्हा मॅडमनी खाली न बघता सही केली. पट्ट्याखाली एक कार्टन होतं. मी काढलं."

आठ माणसांसमोर, माझ्या तोंडावर. आणि खरं होतं, मला घरी जायची घाई होती, मी वाकलेच नव्हते.

"हो," मी म्हटलं. "बघितलं नाही मी. सही केली. चुकलं."

सरांनी मान डोलावली. "आणि दुसरं?"

"दुसरं म्हणजे माझं ते पत्र मला परत पाहिजे."

मी ड्रॉवरकडे गेले. किल्ली लागेना. पत्र काढून मी तिच्या हातात दिलं, आणि काहीतरी बोलायला तोंड उघडलं. तिने पत्राच्या चार घड्या केल्या, पिशवीत ठेवलं, आणि मला म्हणाली, "मॅडम, आधी ते मशीन बघून या."